जुना सातबारा टाइप करताना पुसट आकडा: बेरजेवरून भरायचा की रिकामा दाखवायचा?

सुरंगी

आमच्या वाडीतल्या जुन्या सातबाऱ्यांचे स्कॅन मिळाले आहेत, राजापूर तालुक्यातले. हाताने लिहिलेली पाने आहेत. ती एक्सेलमध्ये टाइप करून घरातल्या सगळ्यांना पाठवायची आहेत, कारण वाटपाचे बोलणे सुरू आहे आणि मूळ अक्षर कोणालाच धड लागत नाही. बहुतेक ओळी नीट आहेत. एका ओळीत अडले आहे:

स.नं. ४७, हि.नं. ३अ
तरी ०-१८-५
वरकस ०-२ (पुढचा अंक पसरलाय) -०
पोटखराबा ०-३-०
एकूण ०-४७-५

एकूणमधून बाकीचे वजा केले की वरकस २६ आर येते. मग सरळ ०-२६-० लिहू ना? की ती जागा रिकामी सोडू? रिकामी सोडली तर पहिला प्रश्न येणार की "अर्धवट काम का दिलेस".

कातळकोंड

लिहा बिनधास्त. ४७.५ वजा १८.५ वजा ३, उरले २६. गणित खोटे बोलत नाही. शिवाय वरकसच आहे, त्यात कोण भांडतोय?

बांदावरचा

वरकसात कोण भांडतोय? कातळावर आंब्याची कलमे लागल्यापासून जास्त भांडणे वरकसावरच आहेत, बाबा.

ते असो. सुरंगीताई, तुम्ही एका जागी दोन प्रश्न विचारता आहात. पानावर काय दिसते, हा एक. जमीन किती होती, हा दुसरा. टाइप केलेल्या प्रतीत त्या चौकटीत फक्त पहिल्याचे उत्तर जायला हवे. २६ हा दुसऱ्याचे उत्तर आहे, आणि तेही एकूण बरोबर वाचले गेले असेल तरच. तुम्ही २६ टाइप केलात की पुढे ती फाईल उघडणाऱ्याला ते वाचलेले आहे की काढलेले आहे हे कधीच कळणार नाही.

माझी पद्धत साधी आहे. जेवढे दिसते तेवढे लिहायचे आणि न दिसणाऱ्या प्रत्येक अंकाला एक खूण द्यायची: `०-२[?]-०`. दोन चा अंक वाचता आला आहे तो फेकू नका. पूर्ण आकडा `[?]` केलात तर हातात असलेली माहिती गेली. आणि किती अंक पुसले आहेत हेच कळत नसेल तर `[...]`. बेरजेने आलेले २६ शेजारच्या शेरा रकान्यात: "एकूणवरून वजाबाकीने २६, पानावर वाचता येत नाही."

सुरंगी

हे पटले. पण मग रिकामी जागा, रेघ आणि शून्य यांचे काय? काही ओळींत पोटखराबा रिकामा आहे, काहींत आडवी रेघ आहे, काहींत ०-०-०.

बांदावरचा

तिन्ही वेगवेगळे आहेत, तिन्ही जसेच्या तसे उतरवा. शून्य म्हणजे लिहिणाऱ्याने विचार करून शून्य लिहिले. रेघ म्हणजे बहुधा लागू नाही. रिकामे म्हणजे लिहिलेच नाही, आणि त्याचा अर्थ पानावरून ठरत नाही. पुसट म्हणजे लिहिले होते, पण आज दिसत नाही. या चौघांना एकाच `०` मध्ये कोंबले की पुढच्या माणसाला पोटखराबा नव्हता असे वाटते, प्रत्यक्षात तिथे ओल लागून शाई गेलेली असते.

खोडलेला आकडा हा पाचवा प्रकार. खोडूनही वाचता येत असेल तर दोन्ही लिहा: "खोडलेले ०-४५-५, वर लिहिलेले ०-४७-५". खोडलेल्यामागे बहुतेक वेळा फेरफार असतो आणि शेजारी बारीक अक्षरात त्याचा नंबर असतो. तो फेरफार क्रमांकच पुढे उपयोगी पडतो.

दाभोळकर_नाना

सातबाऱ्यातली चूक दुरुस्त करायची असेल तर तहसीलदारांकडे महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खाली अर्ज करावा लागतो. नुसते एक्सेलमध्ये लिहून दुरुस्ती होत नाही. अर्जाला जुना सातबारा, फेरफार उतारा आणि चालू सातबारा जोडा.

सुरंगी

नाना, दुरुस्ती नाही करायची मला. नुसते टाइप करायचे आहे.

दाभोळकर_नाना

असे होय. मग माझा प्रतिसाद पुढच्या वेळेसाठी ठेवा. तरी एक सांगतो, कलम १५५ हे लेखनप्रमादासाठी आहे, आणि बरेचसे लेखनप्रमाद असेच झाले आहेत. हस्तलिखित पानावरून संगणकात उतरवताना कोणीतरी पुसट जागी अंदाज केला, तो छापून आला, आणि आता वारस फाईल घेऊन फिरतायत. अंदाज करू नका एवढेच माझे म्हणणे.

कातळकोंड

अंदाज आणि वजाबाकी यात फरक आहे की नाही? एकूण स्वच्छ आहे, बाकी दोन स्वच्छ आहेत. चौथा एकच येऊ शकतो.

नमुनासात

फरक आहे, आणि वजाबाकी करू नका असे कोणी म्हणत नाही. पण "एकूण स्वच्छ आहे" हे कशावरून? सुरंगी, ४७ मधला ७ मोठा करून बघ. आजूबाजूच्या शाईचाच आहे का? त्याच्या खाली दुसरा अंक आहे का?

सुरंगी

चारशे टक्के मोठे करून पाहिले. ४ निळसर आहे. ७ जास्त काळा आहे आणि त्याच्या पोटात एक जुनी रेघ दिसते. गिरवलेला वाटतो.

नमुनासात

म्हणजे तो ७ नंतरचा आहे. आता विचार कर. गिरवणाऱ्याने एकूण कुठून आणले असेल? कदाचित फेरफारावरून. किंवा वरचे तीन आकडे त्याने वाचले आणि बेरीज करून खाली टाकली. दुसरे खरे असेल तर तू एकूणवरून वरकस काढतेस आणि त्याने वरकसवरून एकूण काढले. एकाच आकड्याने स्वतःची साक्ष दिली. जुळणार नाही तर काय होणार?

आणि एकूणमधला तो ७ सुद्धा धरला नाही तर किती शक्यता उरतात ते करून बघ. वरकस २०.० ते २९.० मध्ये कुठेही. तरी आणि पोटखराबा मिळून २१.५. एकूण ४१.५ ते ५०.५. एकूणचा दशकाचा अंक ४ नक्की असल्याने ५०.५ गळले, म्हणजे २९ गेला. उरले २० ते २८, नऊ पर्याय. एक गिरवलेला अंक बाजूला काढला की तुझे "एकच उत्तर" नऊ झाले.

कातळकोंड

हे मान्य. गिरवलेला आहे हे माहीत नव्हते.

सुरंगी

मग अंकाच्या आकारावरून काही लागेल का? वरचा भाग ओलीने पसरलाय. डावीकडे बाक दिसतो आणि खाली उजवीकडे शेपटी गेल्यासारखी वाटते.

बांदावरचा

६ आणि ८ दोघांनाही डावीकडे बाक असतो आणि दोघांची शेपटी उजवीकडे जाते. ६ ला मधोमध आत जाणारा खाचा असतो. नेमका तोच पसरला असेल तर काही ठरत नाही.

हाताने लिहिलेल्या देवनागरी अंकांत फसवणाऱ्या जागा ठरलेल्या आहेत. १ ची शेपटी फिकी झाली की डोके उरते आणि ते ० दिसते. हा सगळ्यात वाईट, कारण तिथे पुसट आहे असे वाटतच नाही, स्वच्छ शून्य दिसते. २ आणि ३ चा खालचा भाग गेला की फरक राहत नाही. १ आणि ९ चे काही लिहिणाऱ्यांच्या हातात एकच रूप असते. त्यासाठी त्याच पानावर, त्याच हाताचे, नक्की वाचता येणारे अंक शोधायचे. पानावर सर्व्हे नंबर ओळीने वाढत गेलेले असतात, तिथे ६ आणि ८ कोणते आहेत हे निश्चित असते. ते कापून एका चित्रात शेजारी लावा आणि पुसट अंक त्यांच्याखाली ठेवा. मात्र हात बदलला की ती तुलना बाद. एका पानावर दोन-तीन तलाठ्यांचे हात असणे नेहमीचे.

मालवणी_मीठ

माझ्याकडे उलटी अडचण आहे. आकडे नीट, पण इतर हक्कात कुळाचे नाव पुसट. "गो" वाचता येतो, पुढचे गेले. गोविंद की गोपाळ? घरात सगळे म्हणतात गोविंद.

बांदावरचा

तिथेही तेच. `गो[...]` लिहा. घरचे म्हणतात ते शेऱ्यात, "घरच्यांच्या सांगण्यावरून" असा शब्द घालून. इतर हक्कातले कुळाचे नाव चुकीचे टाइप झाले तर पुसट वरकसापेक्षा ते जास्त महाग पडते. फेरफार बघा. कुळाचे नाव फेरफारात बहुधा पूर्ण वाक्यात, बापाच्या नावासकट असते.

डिजिटल_दर्या

स्कॅनबद्दल कोणीच विचारले नाही. सुरंगी, फाईल कुठून आली? व्हॉट्सॅपवर फोटो म्हणून आली असेल तर तो कमी केलेला असतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. कागद हाताशी असेल तर पुन्हा स्कॅन करून घ्या: रंगीत, ६०० डीपीआय, `PNG` किंवा `TIFF`. काळे-पांढरे स्कॅन अजिबात नको. त्यात यंत्र प्रत्येक ठिपका काळा की पांढरा हे स्वतः ठरवते आणि फिकी शेपटी पांढऱ्यात जाते. म्हणजे तो १ चा ० स्कॅनर करतो, तलाठी नाही.

आणखी एक. काही स्कॅनर फाईल लहान करण्यासाठी सारखे दिसणारे ठसे एकच मानून एकाचीच प्रत सगळीकडे चिकटवतात. २०१३ मध्ये जर्मनीत उघड झाले की काही यंत्रांच्या स्कॅनमध्ये ६ च्या जागी स्वच्छ ८ येत होता. धूसर नाही, स्वच्छ. म्हणून अतिलहान फाईल आणि फार टापटीप अंक दिसले की संशय घ्या.

सुरंगी

फोटो म्हणूनच आली होती. चुलतभावाकडे कागद आहे, त्याला रंगीत स्कॅन करायला सांगितले. त्या जागेवर जांभळा शिक्काही आहे, आधी सांगायचे राहिले.

डिजिटल_दर्या

शिक्क्याचे काम सोपे आहे. `GIMP` मध्ये उघडा आणि

```
Colors > Components > Decompose > RGB
```

करा. तीन राखाडी चित्रे मिळतील. लाल चित्रात निळी-काळी शाई गडद राहते आणि जांभळा शिक्का फिका पडतो, कारण जांभळ्यात लाल मिसळलेला असतो. शाईचा अंक तिथे मोकळा दिसण्याची शक्यता बरी असते. ओलीने पसरलेली शाई मात्र यातून परत येत नाही, कारण तिथे दुसरा रंग नाहीच, तीच शाई इकडून तिकडे गेली आहे.

धार वाढवणारे फिल्टर मारू नका. ते कडा तयार करतात. ओलीच्या डागाला कड आली की तोही अंकाची रेघ वाटू लागतो. आणि वाचन कोणत्या चित्रावरून केले हे शेऱ्यात लिहा, उदा. "लाल चित्रावरून".

नमुनासात

पसरण्याचे कारणही शेऱ्यात दोन शब्दांत लिहावे: ओल, शिक्का, घडी, चिकटपट्टी, कसर. कारण उपायाची दिशा दाखवते. शिक्का असेल तर रंग वेगळे करून लागेल. घडी असेल तर कागद उघडून पुन्हा स्कॅन करून लागेल. कसरीने खाल्ले असेल तर कागदच नाही, दुसरी प्रत शोधायची.

कातळकोंड

दुसरी प्रत म्हणजे तहसीलच्या अभिलेख कक्षातून नक्कल काढायची ना? मग सगळा प्रश्नच मिटला. प्रमाणित नक्कल म्हणजे प्रमाण.

नमुनासात

अर्धे बरोबर. नक्कल त्याच पानाची झेरॉक्स असेल तर डागही प्रमाणित होऊन येतो. हाताने उतरवलेली नक्कल असेल तर तिथे कोणीतरी तो अंक वाचलेला असतो, आणि त्याने वाचला की वजाबाकीने भरला हे नकलेवर लिहिलेले नसते.

खरी मदत वेगळ्या कागदाने होते. सातबारा ठरावीक वर्षांनी नव्या पानावर पुन्हा लिहिला जात असे, तेव्हा त्याच हिश्श्याचे आधीचे आणि नंतरचे पान बघ. नंतरचे पान या पानावरून उतरवलेले असते, त्यामुळे त्याचा जोर कमी. तेव्हा पान ओले झाले नसेल तर त्याने बरोबर उतरवले असेल, ओले झाले असेल तर त्यानेही तुझ्यासारखेच डोळे ताणले असतील. आधीचे पान चांगले, कारण ते या पानाचा उगम आहे. त्याखेरीज आठ अ, आणि गिरवण्याचे कारण ठरलेला फेरफार.

सुरंगी

आधीचे पान आहे! एकर-गुंठ्यातले. स.नं. ४७/३अ: तरी १८ गुंठे ४ आणे, वरकस २५ गुंठे १२ आणे, पोटखराबा ३ गुंठे, एकूण १ एकर ७ गुंठे. सगळे नीट वाचता येते. म्हणजे वरकस २५, २६ नाही?

कातळकोंड

झाले, २५ लिहा.

बांदावरचा

थांबा, थांबा. तो २५ गुंठ्यांचा आहे, आरचा नाही. गुंठ्यात १६ आणे, एकरात ४० गुंठे, आणि १ गुंठा म्हणजे १.०११७ आर.

आधी पान स्वतःशी जुळते का बघा. १८ गुंठे ४ आणे अधिक २५ गुंठे १२ आणे म्हणजे ४४ गुंठे. अधिक ३, ४७ गुंठे. १ एकर ७ गुंठे म्हणजेही ४७. जुळले, आणि या पानावर गिरवलेले नसेल तर ही जुळणी किमतीची आहे.

आता आरमध्ये:
तरी १८.२५ गुंठे = १८.४६ आर, नव्या पानावर १८.५
वरकस २५.७५ गुंठे = २६.०५ आर
पोटखराबा ३ गुंठे = ३.०४ आर, नव्या पानावर ३.०
एकूण ४७ गुंठे = ४७.५५ आर, नव्या पानावर ४७.५

म्हणजे जुन्या पानावरूनही वरकस २६ च्या जवळ येते, आणि गिरवलेला ७ सुद्धा बरोबर वाटतो. घाईत जुन्या पानावरचा २५ डोळ्यांनी उचलला असता तर फाईलमध्ये २५ आर गेले असते, आणि वर "जुन्या पानावरून वाचले" असा भक्कम शेरा. एक आरचा फरक.

सुरंगी

मग आता दोन्ही बाजूंनी २६ येतेय. आता तरी लिहू?

नमुनासात

चौकटीत नाही. तिथे `०-२[?]-०` च राहील. जुने पान सापडल्याने या पानावरचा डाग गेला नाही. उद्या कोणी हाच स्कॅन घेऊन तुझ्या फाईलशी ताडून बघेल. त्याला डागाच्या जागी ६ दिसला की तो विचारणार, हिने कुठे वाचला? बाकीच्या ओळींवरचाही विश्वास गेला.

शेऱ्यात मात्र आता ऐटीत लिही: "एकूणवरून २६ (एकूणमधील ७ गिरवलेला), आधीच्या पानावरील २५ गुं. १२ आ. = २६.०५ आर. दोन्ही जुळतात." वाचणारा स्वतः ठरवेल.

डिजिटल_दर्या

मी इथे थोडा वेगळा आहे. मी `०-२[६?]-०` लिहितो. अंक आहे, संशयही आहे, दोन्ही एका जागी. शेरा रकाना लोक वाचत नाहीत.

बांदावरचा

माझा अनुभव उलट. `[६?]` मधले प्रश्नचिन्ह दुसऱ्या हातातच गळते. कोणीतरी बेरीज करायला कंस काढतो आणि २६ उरतो. `[?]` मधून काढायला काही उरतच नाही, म्हणून तो टिकतो. हां, शाईचा काही भाग खरेच दिसत असेल आणि वाचन आकारावरून असेल तर `[६?]` मी समजू शकतो. वजाबाकीतून आलेल्या अंकाला ते कधीच नाही.

डिजिटल_दर्या

आकारावरून असेल तरच, हे मान्य. बाकी आपले जमणार नाही.

सुरंगी

आता एक्सेलने घोळ घातला. हिस्सा १२/३ टाकला तर तिथे 12-Mar आले. आणि खाली बेरीज ४७.५ ऐवजी २१.५ दाखवतोय.

डिजिटल_दर्या

दोन वेगळे रोग. पहिला: `12/3` ला एक्सेल तारीख समजतो. जुन्या पानावरचे `1-7-5` टाकलेत तर १ जुलै २००५ होईल. आधी रकाना निवडून `Format Cells > Text` करा, मग टाइप करा. तारीख झाल्यावर टेक्स्ट केलेत तर पाच आकडी भलताच नंबर येतो, तेव्हा मागे जाऊन पुन्हा टाइप करण्यावाचून इलाज नाही.

दुसरा जास्त धोक्याचा. `SUM` अक्षरे असलेली चौकट गुपचूप वगळतो. १८.५ अधिक `२[?]` अधिक ३ म्हणजे त्याच्या मते २१.५. चूक दाखवत नाही, फक्त जमीन कमी करतो. म्हणून वाचन एका रकान्यात टेक्स्ट म्हणून ठेवा, हिशोबाचा आर रकाना वेगळा आणि त्यात इंग्रजी अंक. वाचता न आलेल्या जागी हिशोबाच्या रकान्यातही `[?]` ठेवा, रिकामे सोडू नका. मग खाली:

```
=IF(COUNT(E2:E4)<COUNTA(E2:E4),"अपूर्ण",SUM(E2:E4))
```

`COUNT` फक्त आकडे मोजतो, `COUNTA` भरलेली प्रत्येक चौकट. दोन्ही जुळले नाहीत तर बेरजेच्या जागी "अपूर्ण" येईल. हवे तर शेजारी किमान आणि कमाल असे दोन रकाने करा: वरकस २०.० आणि २८.०. त्यांची बेरीज करता येते आणि कोणालाही फसवत नाही.

मालवणी_मीठ

०-१८-५ मधला ५ म्हणजे पाच चौरस मीटर ना? मग संगणकाच्या सातबाऱ्यावर ०.१८.५० का असते?

बांदावरचा

चांगले पकडलेत. वरच्या हिशोबात तो १८.४६ आर वरून आलाय, म्हणजे तो दशांश आहे, ५० चौरस मीटर. पण एकट्या पानावरून हे कळत नाही. म्हणून `५` दिसला तर `५` च टाइप करा. ना पुढे शून्य लावायचे, ना मागे. हिशोबाच्या रकान्यात काय धरले ते शेऱ्यात.

आकारणीच्या रकान्यातही तसेच. `१-०८` म्हणजे एक रुपया आठ आणे की एक रुपया आठ पैसे? दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला आली, पण पानावरचा आकडा स्वतः काही बोलत नाही. दुसरा भाग १५ च्या वर असेल तर आणे नक्कीच नाहीत. १५ किंवा खाली असेल तर त्या रकान्यातल्या बाकी ओळी बघा, त्यात कुठे १५ च्या वरचा आकडा आहे का.

हाच नियम पुसट अंकालाही कामी येतो. गुंठ्याचा आकडा ३९ च्या वर जात नाही आणि आण्याचा १५ च्या. गुंठ्याच्या जागी `४[?]` वाचलेत तर एक तर ४ चुकलाय किंवा ते पान हेक्टर-आरचे आहे.

दाभोळकर_नाना

दोघांनी वेगवेगळे टाइप करावे, एकमेकांचे न बघता. मग दोन्ही फाईली शेजारी ठेवाव्यात. जिथे दोघांचे वेगळे निघेल ती जागा पुसट.

नमुनासात

नाना, हे लाखमोलाचे. `=EXACT(B2,C2)` ने लगेच सापडते. मात्र दुसऱ्याने एकूण झाकून टाइप करायचे. एकूण दिसले की डोळा पुसट अंकात तेच बघतो, कितीही ठरवले तरी. आणि दोघांचे जुळले तरी १ चा ० झालेली जागा दोघांनाही ० च दिसणार, तिथे बेरीजच पकडेल.

सुरंगी

चुलतभावाने एकूण झाकून टाइप केले. त्याने `०-२[?]-०` च लिहिले, म्हणजे माझेच डोळे कमजोर नाहीत. रंगीत स्कॅनही आला. लाल चित्रात शिक्का गेला, डाग राहिला. ओळ अशी केली:

स.नं. ४७ | हि.नं. ३अ | तरी ०-१८-५ | वरकस ०-२[?]-० | पोटखराबा ०-३-० | एकूण ०-४७-५ (७ गिरवलेला) | शेरा: वरकसचा दुसरा अंक ओलीने पसरलेला, रंगीत स्कॅनच्या लाल चित्रावरही वाचता येत नाही. एकूणवरून २६. आधीच्या पानावरील २५ गुं. १२ आ. = २६.०५ आर.

बांदावरचा

ओळ छान. गिरवलेल्या ७ खालचा जुना अंक कोणता ते दिसते का? दिसत नसेल तर तेही लिहा.

सुरंगी

नाही दिसत. "खालचा अंक [?]" जोडले.

नमुनासात

एक शंका. तू टाकलेल्या रंगीत तुकड्यात हिस्सा नंबरमधल्या अ नंतर उभी रेघ आहे. ३अ आहे की ३आ? ती रेघ सर्व्हे नंबरच्या ओळीतून खाली पुढच्या दोन ओळींतही गेल्यासारखी वाटते, म्हणजे घडी असू शकेल. पण अ च्या शेजारी ती जरा जाड आहे.

सुरंगी

अरे देवा. खालच्या ओळीत ३आ वेगळा आहे, त्याचे क्षेत्र निराळे. जुन्या पानावर मी ३अ म्हणून जे वाचले तेही पुन्हा बघते. कागद घडी सपाट करून, काचेखाली दाबून पुन्हा स्कॅन करायला सांगते. तोवर `३अ[?]`.